नमस्कार लिहू, नमस्ते, की नुसतं हाय?

प्रत्येकाच्या घरी सिंकखाली एक पिशवी असते आणि तिच्यात बाकीच्या पिशव्या असतात. त्या कोणी मुद्दाम जमवत नाही. एके दिवशी खालचं दार उघडावं तर सगळ्या एकदम अंगावर येतात. आमच्या मराठी वर्गाच्या फोनचे किस्से असेच साठलेत. परवा कोणीतरी सहज विचारलं, "काय गं, तुला त्या फोनचं काय एवढं काम असतं?" आणि मी दार उघडलं.

आधी फोनबद्दल सांगते. फरीदाबादमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग भरतो. तो सुलभाकाकूंनी सुरू केला. काकू लग्न होऊन दिल्लीत आल्या, आयुष्यभर इथल्या शाळेत शिकवलं, आणि आता मुलाकडे आमच्याच टॉवरमध्ये राहतात. वर्गाचा एक जुना, कोपरा फुटलेला फोन आहे. एका शनिवारी काकूंनी तो माझ्या हातात ठेवला.

"मला आता बारीक अक्षर दिसत नाही, मंजिरी. अनोळखी माणसाचा पहिला मेसेज आला की उत्तर तू द्यायचं."

"काय उत्तर द्यायचं?"

"नमस्कार म्हणायचं आणि वेळ सांगायची. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, हे मी अजून शोधते आहे. सोसायटीच्या ग्रुपवर 'पाणी आलं का' एवढं विचारायच्या आधीसुद्धा मेसेज तीनदा वाचून बघणारी मी बाई. असा फोन माझ्या हातात देणं म्हणजे काकूंचा माझ्यावरचा विश्वास होता, की बारीक अक्षराइतकंच माणूसही त्यांना नीट दिसेनासं झालं होतं, कोण जाणे.

पण नाही म्हणता येत नव्हतं. कारण इरा.

इरा माझी मुलगी, पाच वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं. "इरा, पंखा बंद कर," म्हटलं की पंखा बंद करते. मग म्हणते, "कर दिया, मम्मा." मराठी आत जातं आणि हिंदी होऊन बाहेर येतं. पुण्याला आजी फोनवर तासभर बोलते, इरा शेवटी म्हणते, "अच्छा नानी, बाय." आजी फोन ठेवल्यावर मला वेगळा फोन करते, तो कशाबद्दल असतो ते सांगायला नको. तेव्हा शनिवारचा वर्ग ही माझी एकमेव आशा होती. मराठी बोलणारी मुलं भेटतील, त्यांच्या नादाने तोंड उघडेल.

आणि नेमका त्याच महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी, भाटिया अंकल, काकूंना भेटून गेले. वाईट माणूस नाही. पण म्हणाले, "मैडम, छह बच्चों के लिए पूरा हॉल? ज़ुम्बा वाले रोज़ पूछ रहे हैं. दस बच्चे कर लो, फिर मैं किसी की नहीं सुनूँगा. सर्दी तक देख लो."

सहा मुलं होती, त्यातलं एक माझं. दहा व्हायला हवी होती. आणि नवं मूल येण्याचा रस्ता एकच, त्या फुटक्या फोनवरचा अनोळखी माणसाचा पहिला मेसेज.

*

माझ्या हाती फोन आल्यावर पहिला मेसेज आला तो एका शब्दाचा. इंग्रजी अक्षरात 'Hi'. फोटोत डोंगरावर पाठमोरा उभा असलेला मुलगा. नाव सौरभ.

मी काकूंची आज्ञा पाळली. नुसती पाळली नाही, सजवली. 'नमस्कार. आमच्या मराठी वर्गात आपले मनःपूर्वक स्वागत आहे. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. वर्गाची वेळ, स्थळ व इतर माहिती पुढीलप्रमाणे.' त्याखाली मुद्दे. देवनागरीत, एकही चूक नाही. दोनदा वाचून पाठवलं आणि चहा टाकायला गेले.

परत येऊन बघते तर उत्तर आलेलं. कॅपिटल अक्षरात एकच शब्द.

'STOP'

त्याला वाटलं, बँकेचा मेसेज आहे.

हे मला सौरभनेच नंतर सांगितलं. तो पुण्याचा, गुडगावला आयटीत, एकटा राहतो. त्याला मूलबीळ नाही. कुठेतरी नंबर मिळाला म्हणून बघावं, कोणी मराठी बोलायला सापडतंय का, एवढंच. "तुम्ही नुसतं 'हाय, बोला' म्हणाला असतात ना, तर मी त्या दिवशीच आलो असतो," म्हणाला. "माणूस हाय म्हणतो तेव्हा तो दार थोडंसं उघडून आत बघत असतो. तुम्ही तर बँडच लावलात."

तो पुढे दर शनिवारी मेट्रो बदलत बदलत येऊ लागला आणि मुलांना गोष्टी सांगू लागला. पण हजेरीत तो धरता येत नव्हता. भाटिया अंकलनी एकदा त्याच्याकडे बघून विचारलंसुद्धा, "ये भी बच्चा है?"

*

सौरभचं म्हणणं मला पटलं. माझं असंच आहे, शेवटचा जो बोलेल त्याचं पटतं. मी ठरवलं, आता सुटसुटीत. हाय.

पुढचा मेसेज आला: 'नमस्कार. मी देशमुख. माझ्या नातवासाठी आपल्या वर्गाची माहिती हवी होती. कृपया कळवावे.'

आता इथे कोणीही थांबलं असतं. शुद्ध देवनागरी, पूर्णविराम, 'कळवावे'. फोटोत पांढऱ्या मिशा. पण मी नुकतीच सुधारले होते ना. मी लिहिलं: 'Hi! शनिवार, ११ वाजता. या :)'

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग काहीच नाही. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, काही नाही. मी अधूनमधून फोन उघडून त्या दोन खुणांकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी सुलभाकाकूंनी मला खाली बोलावलं. देशमुख आजोबा त्यांच्या जुन्या ओळखीचे निघाले. त्यांनी काकूंना फोन करून एकच प्रश्न विचारला होता.

"वर्गात शिकवतात ते मराठीच ना?"

मी त्यांना फोन करून माफी मागितली. तेव्हा काकूंनी मला पहिल्यांदा नीट समजावलं. "हे बघ, जो जितक्या पायऱ्या चढून आलाय, तितक्या तू उतरून जायचं. तो नमस्कार म्हणाला तर त्याच्या खाली जायचं नाही. तो हाय म्हणाला तर त्याच्या डोक्यावर नमस्कार आपटायचा नाही. वयस्कर माणूस चुकून हाय म्हणाला तरी त्याला नमस्कारच. आणि शंका आली तर नमस्कार. जास्त मान दिला म्हणून कोणी रागावून गेलेलं मी अजून पाहिलं नाही."

"सौरभ गेला होता," मी म्हटलं.

"तो मान नव्हता. ते परिपत्रक होतं."

देशमुख आजोबा नातवाला घेऊन आले. दारात माझ्यासमोर उभे राहिले, चेहऱ्यावर रेषा हलली नाही, आणि म्हणाले, "हाय."

त्यानंतर दर शनिवारी. मी "नमस्कार, आजोबा," म्हणते. ते "हाय," म्हणतात. आणि नातवाला पुढे ढकलतात.

*

मग वैशाली. तिचा मेसेज: 'Namaste ji. Beti ke liye Marathi class ke baare mein poochhna tha.' फोटोत फुलं. आडनाव नाही.

मी विचार केला, ही हिंदी भाषक दिसते. नवरा मराठी असेल, सासूला खूश करायचं असेल. आपण नमस्कार म्हटलं तर तिला परकं वाटेल. म्हणून मी लिहिलं, 'नमस्ते जी.' आणि पुढे माझ्या परीने शुद्ध हिंदी. 'आपकी बेटी की आयु क्या है?' आयु. दिल्लीत आठ वर्षं काढली, आयु कोणाच्या तोंडून ऐकली नाही. मी लिहिली.

तिकडून उत्तर: 'जी, वह छह वर्ष की है. क्या कक्षा में स्थान उपलब्ध है?'

आठवडाभर आमचं हे चालू. ती 'कृपया', मी 'अवश्य'. आकाशवाणीवर दोन निवेदिका एकमेकींना वेळ विचारताहेत असं. निखिल, म्हणजे माझा नवरा, खांद्यावरून वाचून म्हणाला, "कोण गं ही? मंत्रालयातली आहे का?"

शेवटी रस्ता सांगायला मी फोन केला. "जी नमस्ते, आप गेट नंबर दो से आइएगा," असं मी म्हणत होते, ती "जी, जी बिल्कुल," म्हणत होती, आणि मध्येच फोन तोंडापासून लांब न घेता ती किंचाळली, "अगं कार्टे, उतर खाली, पडशील ना!"



"तुम्ही कुठल्या?" मी विचारलं.

"नाशिक," ती बारीक आवाजात म्हणाली. "तुम्ही?"

तिनेही माझं 'नमस्ते जी' बघून ठरवलं होतं की मराठी वर्गाचा फोन सांभाळायला कोणीतरी दिल्लीची बाई ठेवलीय. आता मला कळतं, इथे नमस्ते म्हणजे भाषा नाही, बाहेर जायचे कपडे आहेत. भाजीवाल्याशी, गार्डशी, शाळेतल्या मॅडमशी, सगळ्यांशी आपण तेच घालून बोलतो. समोरच्याच्या अंगावर तेच दिसलं म्हणून घरात तो काय घालतो ते कळत नाही. तेव्हापासून मी नमस्ते आलं की 'नमस्ते' म्हणते आणि लगेच पुढच्या ओळीत मराठीत विचारते, 'मराठीत बोललं तर चालेल ना?' ज्यांना चालतं त्यांचा जीव भांड्यात पडतो. ते इतकं भराभर लिहू लागतात की मला वाचून होत नाही.

*

मधल्या काळात एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. ते चित्रातले, पिवळे. शब्द नाही, नाव नाही, फोटो नाही.

आता ह्या हातांचा अर्थ काय लावायचा? पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ते कोणी गेलं की येतात. ऑफिसात 'आता हा विषय पुरे' म्हणून येतात. दिल्लीत तेच नमस्ते, तेच थँक्यू, तेच 'भाईसाहब, माफ करो'. मी घाबरून हात जोडले. त्याने जोडले. मी परत जोडले. त्याने परत जोडले.

मग कोणीच काही लिहिलं नाही. तो कोण होता, त्याला किती मुलं होती, आम्हाला आजतागायत माहीत नाही. निखिल म्हणतो, एवढा सुसंस्कृत संबंध त्याने दुसरा पाहिलेला नाही.

*

ह्या सगळ्यावर सौरभने तोडगा काढला. मेसेजच्या ॲपमध्ये एक सोय असते, नव्या माणसाचा पहिला मेसेज आला की ठरलेलं उत्तर आपोआप जातं. "मंजिरीताई, तुमचं टेन्शन खतम. कोणाला काय म्हणायचं हा प्रश्नच नको. सगळंच म्हणू."

आणि त्याने खरंच सगळं म्हटलं. एकाखाली एक तीन ओळी.

नमस्कार
नमस्ते
Hi

खाली 'लवकरच संपर्क करू.'

काकूंना दाखवलं. त्या चष्मा वर करून बघत राहिल्या. "बेल वाजवावी आणि दारात तिघं जण एकदम उभे राहावेत, तसं वाटतंय."

तरी आठवडाभर ठेवलं. त्या आठवड्यात एकच मेसेज आला. एका गृहस्थांनी विचारलं होतं, क्लास कुठे आहे. आपोआप उत्तर गेलं. त्यांनी ते वाचलं, थोडा वेळ घेतला आणि लिहिलं:

'2'

त्यांना वाटलं, पर्याय निवडायचाय.

सौरभने ती सोय बंद केली. मी त्या गृहस्थांना 'नमस्ते' लिहिलं, कारण त्यांनी तेच मागितलं होतं. त्यांचा मुलगा बारावीत निघाला. भाटिया अंकलच्या हिशेबात तो बसला नसता.

*

मग रुबिना. तिचा मेसेज मराठीत होता. 'Hello, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला तुमच्याकडे घालायचं आहे.' नाव दिसत होतं, रुबिना शेख.

मी 'नमस्कार' टाइप केलं. मग थांबले. चालेल ना? का तिला वाटेल, हिला माझं नाव दिसलं नाही? पुसलं. मग 'हॅलो' लिहिलं. पण बाकी सगळ्यांना नमस्कार आणि हिलाच हॅलो, हे तर जास्तच वाईट. पुसलं. 'आदाब' लिहिलं. ते मलाच नाटकातल्यासारखं वाटलं, जन्मात कधी कोणाला म्हटलेलं नाही. पुसलं. 'Hi रुबिना' लिहिलं. ओळख ना पाळख, एकेरी? पुसलं. परत 'नमस्कार' लिहिलं, त्यापुढे 'मॅडम' लावलं, काढलं, 'ताई' लावलं.

निखिलला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या शेजारी मुल्लाकाकू राहायच्या ना? त्यांना तू काय म्हणायचीस?"

"नमस्कार, काकू."

"त्या काय म्हणायच्या?"

"'आधी चपला बाहेर काढ' म्हणायच्या."

"मग?"

मग काय. पण तेवढ्यात फोन वाजला. रुबिनाचाच दुसरा मेसेज.

'ताई, मघापासून टायपिंग दिसतंय. निबंध लिहिताय का?'

आणि पाठोपाठ: 'नमस्कार म्हणा की. आम्ही मिरजेचे.'

मी इतकी हसले की इरा आतून धावत आली, "क्या हुआ मम्मा?" रुबिना ही आता माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. मी तिला एखाद्या मेसेजला उत्तर द्यायला थोडा जरी उशीर केला तरी ती लिहिते, 'प्रस्तावना झाली का?'

*

असं करत करत थंडी आली. मुलं वाढली, एक बदली होऊन चंडीगडला गेलं, एक तापाने गळलं ते परत आलं. हजेरी नऊवर येऊन अडली. भाटिया अंकल येता-जाता नऊ बोटं दाखवून हसायचे. झुंबावाल्या बाईंनी येऊन हॉलमध्ये आरसा कुठे लावता येईल ते बघितलं.

आणि इरा? इरा वर्गात सगळ्यात पुढे बसायची. काकू विचारायच्या, "हा कोणता प्राणी?" इरा हात वर करून, आनंदाने, सगळ्यांच्या आधी सांगायची, "घोड़ा जी!" बाकीची मुलं मराठीत बोलत, ती समजून हसे, हिंदीत उत्तर देई. मुलांनाही हिंदी येतच होतं, तीही मग हिंदीवर उतरत. म्हणजे माझी मुलगी मराठी शिकायची राहिली, वर इतरांना हिंदी शिकवू लागली. मी काकूंना म्हटलं, "मीच कुठेतरी चुकतेय."

"तू सगळीकडेच चुकतेस असं तुला वाटतं, त्यामुळे नेमकं कुठे ते सापडत नाही," काकू म्हणाल्या. "तिला सगळ्यांचं कळतं, सगळ्यांना तिचं कळतं. मराठी बोलायची तिला गरजच पडलेली नाही. पडू दे."

जानेवारीत आम्ही सगळे काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी गेलो. पानिपतला दरवर्षी मराठी माणसं जातात, तशी आमची छोटी बस. सौरभने वर्गाच्या नावाचा एक बॅनर केला होता, खाली फोन नंबर. मुलांनी तो धरून फोटो काढला, थंडीत कुडकुडत पराठे खाल्ले आणि परत आलो.

पुढच्या आठवड्यात फोनवर मेसेज आला.

'राम राम जी. काला अंब पर आपका बैनर देखा था. बल्लभगढ़ में रहता हूँ, ट्रैक्टर पार्ट्स की दुकान है. बेटी को मराठी सिखानी है.'

मी फोन घेऊन सोफ्यावर बसले. हाय तर नाहीच. नमस्ते? बरोबर, सभ्य, पण बँकेच्या काउंटरवरून म्हटल्यासारखं. नमस्कार? मराठी वर्ग आहे म्हणून लगेच धडा सुरू? आणि मुळात हरियाणातल्या माणसाला मुलीला मराठी का शिकवायचंय? आधी ते विचारावं का? शेवटी उत्तर न देता रुबिनाला आणि काकूंना फोनवर घेऊन विचारलं, ह्यांना काय म्हणू?

"तुमच्या गावाकडे वडीलधारी माणसं वाटेत भेटल्यावर काय म्हणायची?" काकूंनी विचारलं.

माझे आजोबा वाईजवळच्या खेड्यातले. मला त्यांचा आवाज आठवला. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला, हात वर करून. "राम राम," मी म्हटलं.

"आमच्या गल्लीत अब्बासुद्धा पाटील आजोबांना राम रामच घालायचे," रुबिना म्हणाली. "आणि पाटील आजोबा अब्बांना सलाम. रोज. कोण आधी म्हणतो याची शर्यत."

"मग अडलंय कुठे?" काकू म्हणाल्या.

मी लिहिलं, 'राम राम. शनिवारी ११ वाजता बेटीला घेऊन या.' एक 'बेटी' सोडली तर सगळं मराठीतच गेलं. पुसलं नाही. फोन हाती आल्यापासून इतकं पटकन उत्तर मी कोणालाच दिलं नव्हतं.

तिकडून आलं: 'जी आप तो अपने ही निकले.' आणि थोड्या वेळाने, मी न विचारताच: 'हमारे बुज़ुर्ग कहते थे कि हम उधर से आए थे, लड़ाई के बाद इधर ही रह गए. बोली किसी को याद नहीं. सोचा, बेटी से शुरू करते हैं.'

मी ते काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी चष्मा पुसला.

शनिवारी सकाळी इराने मला विचारलं, "मम्मा, वो नई लड़की आएगी तो मैं क्या बोलूँ?" चेहरा अगदी माझ्यासारखा. कपाळावर तीच आठी. मला वाईटही वाटलं आणि थोडं बरंही.

"ते राम राम म्हणतात. तूही तेच म्हण."

ती क्लबहाउसच्या दारात उभी राहून पुटपुटत राहिली, राम राम जी, राम राम जी. आत देशमुख आजोबा मला हाय म्हणून गेले. भाटिया अंकल हात मागे बांधून भिंतीपाशी उभे होते.

मोटरसायकल थांबली. उंच, खांद्यावर शाल घेतलेले गृहस्थ आणि लाल स्वेटरमधली एक मुलगी, दोन घट्ट वेण्या, ओठ गच्च मिटलेले. वाटभर बापाने घोकून घेतलेलं सांडू नये म्हणून. गृहस्थांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बोल, तनु."

"नमस्कार," तनु म्हणाली.

त्याच क्षणी इरा म्हणाली, "राम राम जी."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

तनुने मग माझ्याकडे बघून म्हटलं, "नमस्कार." काकूंना म्हटलं, "नमस्कार." रुबिनाला, सौरभला, देशमुख आजोबांना. भिंतीपाशी जाऊन भाटिया अंकलना म्हटलं, "नमस्कार." ते गडबडून म्हणाले, "नमस्ते बेटा, नमस्ते," आणि बोटं मोजायला काढलेला हात त्यांनी तसाच जोडला. मग ती फिरून परत इरापाशी आली आणि पुन्हा म्हणाली, "नमस्कार."

इराने कमरेवर हात ठेवले.

"अगं, नमस्कार एकदाच म्हणायचं असतं," ती म्हणाली. "आता म्हण, चल. चल म्हणजे आपण दोघी तिकडे जायचं. कळलं का?"

तनुने पूर्ण ऐकून घेतलं. मान हलवली. आणि इराचा हात धरला.

"नमस्कार," ती म्हणाली, आणि दोघी पळत आत गेल्या.